खालीलप्रमाणे

आखाडा बाळापूरच्या बस स्टँडसमोरच्या गल्लीत फहीमचं ऑनलाईन सेंटर होतं. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक लॅमिनेशनचं मशीन आणि बाहेर टिनाच्या पत्र्याखाली बाकडं. सातबारा, पीकविमा, शिष्यवृत्ती, जातीचा दाखला, जे काय असेल ते लोक फहीमकडं घेऊन यायचे. बऱ्याच फॉर्मांना ई-मेल लागतो आणि आजूबाजूच्या गावांत, तांड्यांवर ई-मेल कुणाचा असणार? मग फहीमच त्यांचा ई-मेल उघडून द्यायचा, पासवर्ड आपल्या रजिस्टरात लिहून ठेवायचा आणि ते खातं आपल्याच फोनमधल्या मेलच्या ॲपला जोडून टाकायचा. असे चाळीस-बेचाळीस जणांचे मेल त्याच्या एका फोनवर येत. काही आलं की तो ज्याचं त्याला सांगायचा. लोक म्हणत, फहीमभाईनं सांगितलं म्हणजे बराबर.

मागच्या दिवाळीच्या आसपास त्याचं डोकं फार दुखायला लागलं. सकाळी दुकान उघडल्यापासून ते बंद होईपर्यंत पडद्यात डोळे घालून बसायचं, त्यात चष्म्याचा नंबर वाढलेला. डोळ्याच्या डॉक्टरनं सांगितलं, फोनचा उजेड कमी ठेवा, डार्क मोड लावा, बरं वाटेल. फहीमनं त्याच दिवशी लावला. पांढऱ्याचं सगळं काळं झालं, काळी अक्षरं पांढरी झाली आणि त्याला खरंच बरं वाटलं.

"पहले क्यूँ नहीं किया?" त्याची बायको नजमुन्निसा म्हणाली. तोही तेच म्हणाला.

डिसेंबरात हिरासिंग पहिल्यांदा त्याच्या बाकड्यावर येऊन बसले. साठीच्या आतबाहेरचा माणूस, अंगानं उंच, पण उभं राहिलं तरी दम लागायचा. गावाबाहेरच्या तांड्यावर राहायचे. उभी हयात हळदीत गेली होती, हळद शिजवायच्या कढयांवर त्यांच्यासारखा हात कुणाचा बसत नाही असं लोक सांगायचे. सोबत त्यांची बायको रूपाबाई होती, पिशवीत सगळे रिपोर्ट घेऊन. हृदयातली एक झडप आखडली होती. नांदेडच्या डॉक्टरनं एका धर्मादाय दवाखान्याचं नाव सांगितलं होतं. तिथं अर्ज केला की ऑपरेशनची तारीख मिळते.

फहीमनं अर्ज भरला, रिपोर्ट स्कॅन करून जोडले, हिरासिंगांच्या नावानं ई-मेल उघडला. फोन नंबराच्या जागी त्यांची लेक शिला हिचा नंबर टाकला. शिला लग्न होऊन कनेरगाव नाक्याकडं राहते. घरच्यांत धड चालणारा फोन तिचाच होता. पुढं दोन महिन्यांत तिचं सिम बंद पडलं आणि नंबर बदलला, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. अर्जावर जुनाच नंबर राहिला.

चारच दिवसांत दवाखान्याचं उत्तर आलं. "आपला अर्ज मिळाला. छाननीनंतर कळवण्यात येईल." एवढंच. फहीमनं फोनवर वाचून दाखवलं. हिरासिंगांनी दोन्ही हात जोडले, ते फहीमला की फोनला हे कळलं नाही.

त्यानंतर दर बाजाराच्या दिवशी हिरासिंग यायचे. भाजी घ्यायच्या आधी सेंटरवर. बाकड्यावर बसून आधी दम खायचे, मग आत डोकावायचे.

"फहीमभाई, आलं का काही?"

"न्हाई काका. आलं की मी सांगतोच की."

"व्हय, व्हय. तुमी सांगताल." आणि मग ते हळूहळू उठून जायचे.

जानेवारीच्या तेवीस तारखेला फहीमच्या फोनवर हिरासिंगांच्या खात्यात मेल आला. दुकानात त्या वेळी शिष्यवृत्तीची शेवटची तारीख असल्यानं गर्दी होती. त्यानं एका हातानं मेल उघडला. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं होती: "महोदय, सादर नमस्कार. आपला अर्ज आमच्याकडे प्राप्त झाला असून त्याबाबत खालीलप्रमाणे कळविण्यात येत आहे." त्याखाली मोकळी जागा. बरीच मोकळी जागा. मग तळाशी "आपली विश्वासू, पुजा, समन्वयक."

फहीमला वाटलं, पुन्हा तेच. अर्ज मिळाला म्हणून कळवलंय. सरकारी म्हणा की धर्मादाय म्हणा, ह्या लोकांना एकच गोष्ट दोनदा कळवायची सवय असते. त्यानं मेल बंद केला आणि समोरच्या पोरीचं मार्कलिस्ट स्कॅनरवर ठेवलं.

"खालीलप्रमाणे" हा शब्द त्यानं वाचला होता. हे त्याला पुढं फार आठवायचं. वाचला होता, आणि खाली काही नाही हेही पाहिलं होतं, आणि तरी त्याला विचारावंसं वाटलं नव्हतं.

फेब्रुवारीच्या चार तारखेला आणखी एक मेल आला. तसाच. वर नमस्कार, खाली पुजा, मधे काळं. फहीमनं तो नीट उघडलाही नाही. यादीतच पहिली ओळ वाचली आणि सोडून दिला. त्या आठवड्याच्या बाजारी हिरासिंग आले तेव्हा त्यांचे पाय सुजलेले होते, चपलेच्या पट्ट्यात मावत नव्हते.

"आलं का काही?"

"तेच आलं काका. अर्ज मिळालाय म्हणून. वाट बघा म्हणतेत."

"दोनदा मिळाला का अर्ज?" हिरासिंग हसले. हसताना खोकला आला आणि बराच वेळ थांबला नाही. रूपाबाईनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि फहीमकडं बघितलं.

फेब्रुवारीच्या वीस तारखेला ते दोघं बाजाराचा दिवस नसताना आले, रिक्षानं. हिरासिंगांना बाकड्यापर्यंत आणायला रिक्षावाल्यानं एक खांदा दिला. रूपाबाई म्हणाली, "रातभर बसून राहून राहिले. आडवं पडलं की जीव घाबरतो म्हणतेत. तुमी त्यांना फोन लावा न, फहीमभाई. काहून येवढा येळ लागून राहिला, इचारा."

फोन लावायचा तर अर्जाचा क्रमांक हवा. फहीमनं मेल उघडला आणि क्रमांक कुठं दिसतो का ते शोधायला लागला. वर दिसेना. त्यानं पहिल्या ओळीवर बोट दाबून धरलं, की सगळा मजकूर कॉपी करावा आणि कॉम्प्युटरवर घेऊन शोधावा. निळी पट्टी आली. ती खाली ओढायला त्यानं बोट सरकवलं आणि मोकळ्या जागेतही निळी पट्टी उतरत गेली. आणि त्या निळ्यावर काळी अक्षरं उमटली.

फहीमला क्षणभर समजलं नाही. पट्टी जिथं जात होती तिथं अक्षरं निघत होती, ओळीमागून ओळ. रुग्णाचे नाव हिरासिंग. अर्ज क्रमांक. झडपेच्या शस्त्रक्रियेसाठी निवड झाली आहे. दिनांक ९ फेब्रुवारी रोजी सकाळी आठ वाजता रुग्णासह भरती व्हावे. सोबत एक नातेवाईक. मूळ रिपोर्ट. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असल्यास आधी कळवावे. शेवटी संपर्काचा नंबर. सगळं होतं. काहीच कमी नव्हतं.

त्यानं बोट उचललं. पट्टी गेली, आणि पुन्हा काळ्यावर काळं.

बाहेर पत्र्याखाली हिरासिंगांचा श्वास ऐकू येत होता.

फहीमनं फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन डार्क मोड बंद केला. पडदा लख्ख पांढरा झाला, त्याचे डोळे चुरचुरले. मेल समोर उभा होता, काळ्या अक्षरांत, साधासुधा, शाळेतल्या पोरानंही वाचावा असा. त्यानं दुसरा मेल उघडला, चार तारखेचा. "आपल्याकडून होकार आलेला नाही. कृपया नऊ तारखेला अवश्य यावे, अन्यथा जागा पुढील रुग्णास देण्यात येईल. अर्जावरील दूरध्वनी बंद लागतो."

तो दुकानाच्या मागच्या बोळात गेला आणि नंबर लावला. पलीकडं तीच होती, पुजा. तिनं नाव ऐकलं आणि म्हणाली, "अहो, कुठं होता तुम्ही? दोन मेल टाकले मी. जागा दुसऱ्याला दिली."

"मॅडम, मेल दिसलाच न्हाई मला. म्हणजे आला, पण त्यातलं मधलं दिसत नव्हतं."

"दिसत नव्हतं म्हणजे? माझ्याकडं तर व्यवस्थित दिसतोय."

फहीमनं विचारलं, मधला मजकूर तुम्ही कुठून घेता? ती म्हणाली, वर्डमध्ये नमुना केलेला आहे, त्यातून नाव-तारीख बदलून चिकटवते. वरची ओळ आणि खालचं नाव तेवढं मेलमध्येच लिहिते. तेव्हा फहीमला कळलं. मेलमध्ये हातानं लिहिलेल्या अक्षरांना रंग सांगितलेला नसतो, म्हणून फोन काळा झाला की ती आपोआप पांढरी होतात. वर्डमधून चिकटवलेली अक्षरं मात्र सोबत काळा रंग घेऊन येतात. काही ॲप तोही रंग बदलून घेतात. त्याचं ॲप तसं करत नव्हतं. सांगितला तो रंग तसाच ठेवत होतं आणि मागचं पान काळं करत होतं. तिच्या कॉम्प्युटरवर पान पांढरं होतं, तिला कधी कळणारच नव्हतं.

तिला हे समजायला थोडा वेळ लागला. "मी असे किती मेल टाकलेत," एवढंच ती म्हणाली. मग कागद चाळल्याचा आवाज आला. "चोवीस मार्च. त्याच्या आधी काहीच नाही हो, मी डॉक्टरांना विचारते, पण याद्या भरल्यात. त्यांना जास्त झालं तर तोवर नांदेडला सरकारी दवाखान्यात दाखवा. थांबू नका."

फहीम बाहेर आला. रूपाबाई उभी राहिली.

"तारीख मिळाली," तो म्हणाला. "चोवीस मार्च."

हिरासिंगांचा चेहरा उजळला. खरंच उजळला, फहीमनं डोळ्यांनी पाहिलं. ते रूपाबाईला आपल्या बोलीत काहीतरी म्हणाले, आणि तिनं पदर डोळ्याला लावला. मग ते फहीमला म्हणाले, "तुमी फोन लावला म्हणून झालं बघा. आमी बसलो असतो वाट बघत."

त्या वेळी सांगायला हवं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. पण समोरचा माणूस आनंदला होता, आणि फहीमला वाटलं, चोवीस तारखेला ऑपरेशन झालं की सांगू. बरा होऊन आला की दोघं मिळून हसू, मग सांगू. त्यानं त्यांना रिक्षापर्यंत सोडलं, आणि नांदेडला दाखवायला सांगितलं. त्यांनी दाखवलंही. तिथं पाणी उतरायच्या गोळ्या वाढवून दिल्या. सूज थोडी उतरली.

मार्चच्या अकरा तारखेला सकाळी हिरासिंगांच्या छातीत पाणी भरलं. ॲम्ब्युलन्स आली, नांदेडच्या रस्त्याला लागली, आणि निम्म्या वाटेवरून परत फिरली.

फहीम मातीला गेला. तांड्यावरची माणसं त्याला पुढं जागा करून देत होती, कारण त्यानं तारीख मिळवून दिली होती. वसराम म्हणून हिरासिंगांचा भाऊ होता, त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं, "ह्या माणसानं लय खटपट केली. पर नशिबात नव्हतं." त्यानं मान खाली घातली, आणि लोकांनी ते दुःख समजलं.

घरी आल्यावर त्यानं नजमुन्निसाला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

"उनको बताया?"

"नहीं."

"मग जाऊन सांगा." ती मराठीत बोलली, तिला रागावायचं असलं की ती मराठीत बोलायची. "तुमी जाणून केलं न्हाई. पण त्या बाईला वाटून राहिलं की दवाखान्यानं येळ लावला. ती दुसऱ्याला बोल लावून राहिली. हे बराबर न्हाई."

तेरावा झाल्यावर तो तांड्यावर गेला. रूपाबाई ओसरीत बसली होती, शिला शेजारी तांदूळ निवडत होती. फहीमनं पाणी घेतलं नाही. आधी सांगतो म्हणाला. आणि सांगितलं, तेवीस जानेवारीपासून, काही न वगळता. खालीलप्रमाणे हा शब्द वाचला होता तेही.

शिलाच्या हातातलं सूप तसंच राहिलं. "म्हणजे नऊ तारखेला ऑपरेशन होतं? माझ्या बापाचं?"

"होतं."

"आन तुमी त्याला म्हणले, तेच आलं, वाट बघा."

"म्हणालो."

"दर बाजाराला यायचा तो तुमच्याकडं. मी म्हणायचे, बा, इतकं चालू नको, तर म्हणायचा, फहीमभाईला इचारून येतो." "निस्तं बघितलं असतं तुमी. निस्तं, की खाली काय हाय!"

शिला उठून आत गेली आणि आतून तिचं रडणं ऐकू येत राहिलं.

रूपाबाई म्हणाली, "मले दाखवा."

"काय दाखवू मावशी?"

"कसं दिसत नव्हतं ते."

त्यानं फोन काढला. महिनाभरापासून त्याचा फोन पांढराच होता, डोकं दुखत होतं तरी. त्यानं डार्क मोड लावला, मेल उघडला आणि फोन तिच्या हातात दिला. रूपाबाईला वाचता येत नव्हतं. तिनं वरच्या पांढऱ्या ओळीवर बोट ठेवलं, मग हळूहळू खाली काळ्यात नेलं.

"हिथं?"

"व्हय. तिथंच लिहिलेलं हाय."

तिनं फोन डोळ्याजवळ नेला, मग उन्हाकडं धरला, मग तिरपा केला. "मले तर काहीच दिसत न्हाई," ती म्हणाली. "तुमाले तरी कसं दिसावं."

फहीमला रडू कोसळलं. ती तसं म्हणाली नसती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. रूपाबाईनं फोन परत दिला. "मी माफ केलं म्हणून न्हाई म्हणून राहिले," ती म्हणाली. "मले ते अजून समजंना. दिसत न्हाई हे खरं हाय, म्हणून म्हणले. पर तुमी इचारायला पायजे होतं, फहीमभाई. तो दर येळी इचारायचा."

मग ती आत लेकीकडं गेली.

त्याच दिवशी फहीमनं सेंटर बंद ठेवलं आणि चाळीस-बेचाळीस खात्यांतला एकेक मेल पांढऱ्या पडद्यावर पुन्हा उघडून पाहिला, नोव्हेंबरपासूनचा. संशय आला त्याची प्रिंटही काढली. तीन निघाले. एक नुसती जाहिरात होती. एक सटवाजी म्हणून हट्ट्याकडचा माणूस होता, त्याच्या नातीच्या वसतिगृहाच्या प्रवेशाची मुदत निघून गेली होती. फहीम त्याच्याही घरी जाऊन सांगून आला आणि शिव्या खाऊन आला. तिसरा देवलाचा होता, पायानं अधू असलेल्या पोराचा. त्याला अपंगत्वाच्या तपासणीला परवा बोलावलेलं होतं. फहीम त्याला स्वतः मोटरसायकलवर बसवून हिंगोलीला घेऊन गेला आणि रांगेत उभा राहिला. देवलाचं काम झालं. फहीमला त्यानं काही हलकं वाटलं नाही.

पुजाचा फोन आला होता. तिनं नमुन्याचा रंग काढून टाकला, आता साध्या अक्षरांत पाठवते म्हणाली, आणि जुन्या यादीतल्या प्रत्येकाला फोन लावते आहे. फहीमनं तिला विचारलं, नऊ तारखेला झालं असतं तर वाचले असते का? तिनं डॉक्टरांना विचारलं होतं. सांगता येत नाही म्हणाले, झडप फार खराब होती, पण संधी होती.

शिलानं हिरासिंगांच्या मेलचा पासवर्ड मागून घेतला आणि आता आमचं तुमच्याकडं काही ठेवू नका असं निरोप्याकडून कळवलं. फहीमनं रजिस्टरातलं पान फाडून पाठवून दिलं.

एप्रिलच्या मध्यावर, दुपारच्या वेळी, रूपाबाई सेंटरवर आली. एकटी होती. बाकड्यावर बसली नाही, सरळ आत आली. तिच्या हातात मृत्यूच्या नोंदीचा कागद होता, ग्रामपंचायतीतून आणलेला. विधवा पेन्शनचा फॉर्म भरायचा होता. गल्लीत पलीकडं आता दुसरं सेंटर निघालं होतं, नवी खुर्ची आणि पंखा असलेलं. फहीमला वाटलं, ती चुकून आली.

"शिला म्हणते तिकडं जा," रूपाबाई म्हणाली. "मी म्हणले, तिकडं कोन काय वाचतं मले काय ठाव." तिनं कागद काउंटरवर ठेवला. "वाचून दाखवा. समदं."

फहीमनं कागद खिडकीच्या उजेडात धरला आणि वाचायला लागला. नाव, वय, पत्ता, मृत्यूची तारीख, ठिकाण, नोंदणी क्रमांक, सही, शिक्का. तळाशी बारीक अक्षरांत छापलेली सूचना होती, ती कुणी वाचत नाही, तीही वाचली. मागची बाजू उलटून पाहिली. ती कोरी होती, म्हणून तसं सांगितलं.

"मागं काही न्हाई?"

"काही न्हाई मावशी."

"बराबर बघितलं?"

"बघितलं." तरी त्यानं कागद पुन्हा उलटला, खिडकीच्या आणखी जवळ नेला, आणि दोघांनी मिळून त्या कोऱ्या बाजूकडं पाहिलं.

रूपाबाई म्हणाली, "पहिलेपासून वाचा."